ओल्या कचऱ्याचे खत : आमच्या वसाहतीत दिलेले एक भाषण व त्यामागचा अनुभव



हदगाव येथील आमच्या चौदा घरांच्या छोट्या गृहनिर्माण वसाहतीत स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे, यावर आम्ही एका रविवारी सकाळी भाषण दिले. ऐकणाऱ्या आयाबहिणींनी व मुलांनी ते लिहून देण्याचा आग्रह धरला. म्हणून ज्या क्रमाने ते बोललो, त्याच क्रमाने येथे मांडीत आहोत. आम्ही कृषी खात्यातील तज्ज्ञ नाही. पहिल्या वर्षी आमचा प्रयोग सपशेल फसला, दुसऱ्या वर्षी साधला, आणि तो का फसला हे कळल्यामुळेच आज चार शब्द सांगण्याचे धाडस करीत आहोत.

या कामास आम्ही प्रवृत्त झालो ते एका सफाई कामगाराच्या बोलण्यामुळे. वसाहतीतल्या पिशव्या गाडीत उपडे करणाऱ्या त्या भावाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, पिशवीतली काच दिसत नाही बघा, हाताला लागल्यावरच कळती. वरून समदा भाजीचा लगदा असतो." आपल्याच घरातील देठे, साली, शिळे अन्न आणि फुटलेला पेला आपण एका पिशवीत बांधतो व ते वेगळे करण्याचे काम दुसऱ्याच्या उघड्या हातांवर टाकतो, हे त्या दिवशी आम्हाला लखलखीत दिसले. ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही सांगितले होते. परंतु ओला कचरा नुसता वेगळा करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. म्हणून वेगळा करणे आणि जिरवणे ही दोन्ही कामे एकत्रच शिकावी लागतात.

आमचे चुकले कोठे?

पहिल्या वर्षी आम्ही रंगाचा एक मोठा रिकामा डबा घेतला. त्यात रोजचा ओला कचरा टाकला, वर झाकण घट्ट लावले आणि खताची वाट पाहत बसलो. उन्हाळ्यात कसेबसे निभावले. आषाढात मात्र डब्यात काळा चिखल झाला, सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटली आणि पांढऱ्या अळ्या झाकणावर चढल्या. शेजारच्या काकूंनी स्पष्टच सांगितले, "खत करा नाही तर काही करा, पण हा डबा आधी इथून हलवा." त्यांचे काहीच चुकले नव्हते.

कुजणे दोन प्रकारचे असते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. हवेवर जगणारे जीवाणू कचरा खातात तेव्हा त्याची माती होते व पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास येतो. हवा तुटली की दुसऱ्याच जातीचे, हवेशिवाय जगणारे जीवाणू ताबा घेतात आणि दुर्गंधी सुटते. भाजीपाल्याच्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. तो एकावर एक टाकला की स्वतःच्या वजनाने दबतो, त्यातून पाणी सुटते, ते पाणी फटी भरून टाकते आणि हवेला वाट उरत नाही. आमच्या डब्यात नेमके हेच घडले.

पुसदचा धडा

उत्तर आम्हाला जवळच सापडले. आपल्या हदगावहून पैनगंगा ओलांडली की उमरखेड व त्यापुढे पुसद. यवतमाळ जिल्ह्यातील या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी जी खताची पद्धत बसवली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. खेडोपाडी त्यांना नाडेपकाका म्हणत.

नाडेपचा हौद साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असतो. त्याच्या विटांच्या भिंतींत जागोजाग भोके सोडलेली असतात. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व जवळपास १७०० किलो गाळलेली कोरडी माती थराथराने भरून, पाणी मारून, वरून शेणमातीने लिंपतात. हौद एक-दोन दिवसांत भरून पूर्ण करतात आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

त्याआधी इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने 'इंदूर पद्धत' बसवली व १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. त्या पद्धतीत ढीग वरचेवर उलथापालथा करून हवा देतात. नाडेपमध्ये उलथण्याचे कष्ट वाचवून भिंतीच्या भोकांतून हवा देतात. मार्ग दोन आहेत, गरज एकच आहे, ती म्हणजे हवा.

शेतकऱ्याकडे कोरडा काडीकचरा ढीगभर असतो. आपल्या स्वयंपाकघरात मात्र रोज थोडा आणि तोही ओलाच कचरा निघतो. नाडेप आपल्या घरी आणायचा तर ती कोरडी बाजू आपल्याला मुद्दाम जमवावी लागते. आमच्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे : ओला कचरा आपोआप मिळतो, सुका जमवावा लागतो, आणि ज्याच्याकडे सुका आहे त्याचेच खत होते.

आता पायऱ्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : सुक्याची बेगमी

डबा आणण्याच्या आधी पाला जमवा. माघ-फाल्गुनापासून पिंपळ, कडुलिंब, बदाम यांची पानगळ होते. ही पाने झाडून पेटवू नका, पोत्यात भरा. पिंपळ-बदामाची मोठी पाने हाताने चुरा, कारण सबंध पाने एकावर एक चिकटून पत्रावळीसारखी बसतात व हवा अडवतात. सोयाबीनचा किंवा तुरीचा भुसा मिळाला तर उत्तमच. आरागिरणीतील लाकडाचा भुसा चालतो, पण तो फार सावकाश कुजतो, म्हणून पाल्यात थोडा मिसळूनच वापरा. रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नका.

पाच माणसांच्या घराला रोज साधारण दीड ते दोन लिटरच्या मापाने पाला लागतो. पावसाळ्याचे चार महिने कोरडा पाला मिळत नाही. त्या चार महिन्यांसाठी धान्याची दोन मोठी पोती दाबून भरलेला चुरा घरात कोरड्या जागी असला पाहिजे. आमचा प्रयोग आषाढातच का बुडाला, याचे उत्तर या दोन पोत्यांत आहे.

दुसरी पायरी : डबा

साठ लिटरचे झाकणाचे दोन डबे घ्या, एक भरण्यासाठी व दुसरा मुरण्यासाठी. डब्याच्या चारी बाजूंना चार-चार इंचांवर अर्ध्या इंचाची भोके पाडा, तळालाही आठ-दहा पाडा. तापवलेल्या सळईने पाडणार असाल तर उघड्यावर पाडा व धुरापासून दूर राहा. भोकांवरून जुन्या मच्छरदाणीचे कापड गुंडाळा, म्हणजे हवा जाईल पण माशी जाणार नाही. डबा दोन विटांवर ठेवा व खाली एक ताट सरकवा. जागा सावलीची हवी. वैशाखात आपल्याकडील उन्हात डबा ठेवला तर कचरा कुजण्याआधी वाळून जातो, आणि वळचणीखाली ठेवला तर पावसाचे पाणी आत जाते.

तिसरी पायरी : तळ व विरजण

तळाशी चार बोटे उंचीचा जाड काड्यांचा थर द्या. तुऱ्हाट्यांचे तुकडे यासाठी चांगले. त्यावर वीतभर कोरडा पाला. मग मूठभर ताजे शेण तांब्याभर पाण्यात कालवून शिंपडा व दोन ओंजळी शेतातली माती पसरा. दुधाला विरजण लागते तसे हे विरजण आहे. नाडेपच्या हौदात शेण हे काडीकचऱ्याच्या पंधराव्या भागाएवढेच असते, हे लक्षात घेतले की विकतच्या पुड्यांची आवश्यकता वाटत नाही. पुढच्या खेपेपासून तर आपल्याच तयार खताची ओंजळ पुरते.

चौथी पायरी : रोजचा थर

देठे, साली, गवार-मेथीच्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या चिरून टाका. तुकडा लहान असेल तर जीवाणूंना खायला जास्त बाजू मिळतात. चहाचा चोथा साखर धुऊन टाका. अंड्याची टरफले चुरून टाका. मग एक वाटी ओल्या कचऱ्यावर दीड ते दोन वाट्या सुका पाला टाका. हे माप वजनाचे नसून भांड्याचे आहे, म्हणजे तीच वाटी दोन्हीसाठी वापरायची. शेवटी वरचा थर नेहमी सुकाच दिसला पाहिजे. सालीचा एक तुकडाही उघडा राहिला तर माशी तेथेच अंडी घालते.

हे माप का, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. जीवाणूंना शरीर वाढविण्यासाठी एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. हिरव्या भाजीपाल्यात नत्र जास्त असते, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त असतो. दोन्ही मिसळले की त्यांचे जेवण जमते. शिवाय वाळलेले पान पाणी शोषते आणि मधे फटी राखते, म्हणून हवाही मिळते.

मटणाची हाडे, मासळीचे काटे, तेलकट रस्सा, दूध हे घरच्या डब्यात टाकू नका. मोठ्या ढिगात ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकते व तीत रोगजंतू आणि बी मरते, आपल्या लहान डब्यात तेवढी ऊब धरत नाही. त्यामुळे या पदार्थांना वास सुटतो व उंदीर-कुत्री येतात. बाळाची लंगोटपिशवी, पॅड, कुत्र्या-मांजराची घाण हे तर कधीच नाही. शिळा भात किंवा पोळीचा तुकडा असेल तर मूठभरच, आणि दुप्पट पाल्यात. चुलीची राख आठवड्याला एक चिमूट पुरे. राख जास्त झाली की नत्र वायू होऊन उडून जाते.

पाचवी पायरी : मुठीची परीक्षा

आठवड्यातून एकदा आतला कचरा मुठीत घेऊन घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब यावेत, एवढी ओल बरोबर. धार लागली तर पाला घाला. मूठ उघडताच भुगा सांडला तर हाताने पाणी शिंपडा. पावसाळ्यात पाणी घालावे लागत नाही, चैत्र-वैशाखात मात्र दोन-तीन दिवसांआड शिंपडावे लागते.

सहावी पायरी : उलथणे

आठवड्यातून एकदा लोखंडी सळईने किंवा खुरप्याने तळापर्यंत ढवळा, कडेचे मधे व मधले कडेला आणा. येथे आपण भोके नाडेपची आणि उलथणे इंदूरचे, असे दोन्ही घेतले आहे, कारण स्वयंपाकघरातला कचरा शेतातल्या काडीकचऱ्यापेक्षा जास्त दबतो.

सातवी पायरी : मुरू देणे

रोज भरत असताना डबा रोज खाली बसतो, त्यामुळे साठ लिटरचा डबा भरायला सुमारे दीड महिना लागतो. भरला की वर चार बोटे पाला व दोन ओंजळी माती टाकून तो बाजूला ठेवा आणि दुसरा डबा सुरू करा. पहिल्या डब्यात आता नवे काही टाकायचे नाही, फक्त पंधरवड्याला ढवळायचे व ओल पाहायची. आणखी दीड-दोन महिन्यांत खत होते. पहिल्या सालीपासून धरले तर सव्वातीन महिने. पंधरा दिवसांत खत होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तेवढ्या वेळात कचरा फक्त काळा पडतो.

आठवी पायरी : चाळणे व तपासणे

तयार खत काळसर, भुसभुशीत असते. त्यात साल कोणती नि देठ कोणते ओळखू येत नाही, हाताला गरम लागत नाही, वास ओल्या मातीचा येतो. वाळूच्या चाळणीने चाळा, वर उरलेल्या काड्या पुढच्या डब्याच्या तळाला घाला. आंब्याची कोय, नारळाची शेंडी उरतेच, तिची चिंता नको.

विद्यार्थ्यांसाठी येथे एक सोपा प्रयोग आहे. दोन वाट्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती व निम्मे खत. दोन्हींत दहा-दहा मेथीचे दाणे पेरा व सारखेच पाणी द्या. आठवड्याने मोजा. खताच्या वाटीत मातीएवढे किंवा जवळपास तेवढे कोंब हिरवे उभे असतील तर खत मुरले. कमी उगवले किंवा पिवळे पडले तर खत कच्चे आहे, त्याला आणखी महिना द्या. कच्चे खत कुंडीत घातले तर ते तेथे कुजत राहते आणि रोपाच्या मुळांजवळचे नत्र व हवा स्वतःच खाते.

बिघाड ओळखावा कसा?

नाक हे येथे सर्वांत चांगले यंत्र आहे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा तुटली. डब्यातील सर्व कचरा ताडपत्रीवर ओता, सावलीत अर्धा दिवस पसरा, निम्म्याहून अधिक मापाचा सुका पाला मिसळा व पुन्हा सैल भरा. युरियाच्या पोत्यासारखा, डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त झाले. नुसता पाला वाढवा व राख बंद करा. डब्यात मुंग्या झाल्या तर कचरा कोरडा पडला आहे, पाणी शिंपडून ढवळा. आठ दिवसांत डबा मुळीच खाली बसला नाही, तर बहुधा पाला जास्त आणि ओल कमी झाली आहे.

अळ्या दिसल्या म्हणून डबा फेकू नका. करड्या-तपकिरी, चपट्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी आपल्या अन्नावर बसत नाही व तिच्या अळ्या कचरा झपाट्याने खातात. पांढऱ्या, वळवळणाऱ्या, तोंडाला निमुळत्या अळ्या घरमाशीच्या, म्हणजे वरचा थर उघडा राहिला होता. त्यावर चार बोटे सुका पाला व माती दाबून टाका. कीटकनाशक मारू नका, त्याने आपले कामकरी जीवच मरतात.

आमचा हिशेब

दुसऱ्या वर्षी आम्ही घरच्या तागडीने वजन ठेवले. आमच्या पाच माणसांच्या घरात रोज सरासरी अर्धा किलो ओला कचरा निघाला. दीड महिन्यात तो बावीस-तेवीस किलो झाला आणि त्यावर पाच किलोच्या आसपास सुका पाला गेला. सव्वातीन महिन्यांनी चाळून हाती आले ते साडेसात किलो खत. बाकीचे कोठे गेले, असे एका मुलाने विचारले. पाणी वाफ होऊन गेले, आणि जीवाणूंनी खाल्लेल्या कर्बाचा कर्बवायू होऊन हवेत गेला. खत म्हणजे त्यांच्या पंगतीनंतर उरलेला ठेवा.

चौदा घरांचा विचार केला तर रोज सात किलो ओला कचरा होतो. ज्या घरांना डबा ठेवायला जागा नाही, त्यांच्यासाठी वसाहतीच्या मागच्या भिंतीजवळ आम्ही चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे दोन जाळीदार विटांचे हौद बांधले, वर पत्रा टाकला. एवढा हौद चौदाही घरांच्या कचऱ्याने साधारण पन्नास दिवसांत भरतो व दुसरा भरेपर्यंत पहिला मुरतो. काढल्यावर ते खत पोत्यात आणखी महिनाभर ठेवतो. पाल्याची पोती ठेवण्याची जबाबदारी आळीपाळीने एकेका घराकडे आहे. पाला संपला की त्या दिवशी हौद बंद, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

या खताकडून अवाजवी अपेक्षा मात्र करू नये. शंभर किलोत नत्र किलोभराच्या आसपासच असते. त्याने सोयाबीन-कपाशीचे शेत पिकणार नाही. कुंडीत एक भाग खत व तीन भाग माती, आणि अंगणातल्या कढीपत्त्याला, पपईला महिन्याला दोन ओंजळी, एवढाच त्याचा आवाका. आपली काळी माती वाळली की दगड होते व भिजली की चिकट होते, तिला भुसभुशीत करण्याचे काम मात्र ते चांगले करते. त्यात टोमॅटोची, भोपळ्याची रोपे आपोआप उगवतील, कारण बी मरण्याइतकी ऊब डब्यात नव्हती. ती उपटा, किंवा वाढवा.

शेजारच्या काकूंच्या दारात आता दोन डबे आहेत, आणि गेल्या आषाढात पाला संपला तेव्हा त्यांनीच आम्हाला अर्धे पोते दिले. आमच्या वसाहतीतून आता गाडीत जातो तो कोरडा कागद, प्लास्टिक, आणि वेगळ्या कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेली काच. तो सफाई कामगार भाऊ पिशवी उचलण्याआधी आत हात घालून चाचपत नाही, खूण पाहतो.